अपघात भरपाईचं निकालपत्र: कुठलं वाक्य कोणाचं आणि आपली रक्कम कुठली

‘ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने अमक्याच्या कुटुंबाला इतके लाख मंजूर केले’ अशी बातमी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत वरचेवर येते. बातमीत एकच रक्कम असते. ज्यांच्या घरचा तो निकाल असतो त्यांच्या हातात मात्र वीस-पंचवीस पानं पडतात, बहुतेकदा इंग्रजीत, आणि त्यात चार-पाच निरनिराळ्या रकमा असतात. मग मेहुणा एक पान उघडून सांगतो की तीस लाख मिळाले, शेजारचे काका दुसरं पान दाखवून म्हणतात की कोर्टाने चूक आपल्याच माणसाची धरली, आणि कोणीतरी विमा कंपनी सुटली असं सांगून मोकळं होतं. गंमत म्हणजे तिघांनी दाखवलेली वाक्यं त्या निकालपत्रात खरोखर असतात.

कोर्टनाक्यावर वकिलांच्या ऑफिसात काम करताना हा घोळ मी सारखा पाहतो. मूळ अडचण इंग्रजीची नसते. निकालपत्र मराठीत असलं तरी हेच होतं, कारण त्यात बोलणारे अनेक जण असतात आणि वाचणारा सगळं काही न्यायाधीशांच्या तोंडी घालतो. म्हणून प्रत्येक वाक्यापाशी आधी विचारायचं, हे कोण बोलतंय? अर्जदार, विमा कंपनी, साक्षीदार, दुसऱ्या खटल्यातलं सर्वोच्च न्यायालय, की आपल्या खटल्यातले न्यायाधीश? आणि न्यायाधीश असतील तर ते अजून विचार मांडताहेत की हुकूम देताहेत?

निकालपत्राची ही मांडणी न्यायाधीशांच्या मर्जीवर सोडलेली नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधला आदेश २०, नियम ४ सांगतो की निकालपत्रात चार गोष्टी हव्यात : प्रकरणाची थोडक्यात हकीकत, निर्णयासाठीचे मुद्दे, त्या मुद्द्यांवरचा निर्णय आणि त्या निर्णयाची कारणं. शेवटी येतो तो प्रत्यक्ष आदेश. अपघाताचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण बहुतेक ठिकाणी जिल्हा न्यायालयातच बसतं, तिथले न्यायाधीशच त्याचे सदस्य असतात, आणि त्यांचे निवाडेही याच साच्यात लिहिलेले असतात.

समजण्यासाठी एक नमुना घेऊ. प्रकरण मी रचलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट रोजच्या निकालपत्रांत सापडते. कळव्याचा एक ३८ वर्षांचा वायरमन, स्वतःची छोटी कामं घेणारा. जुलै २०१९ मध्ये घोडबंदर रोडवर त्याची स्कूटर वळणाऱ्या टेम्पोवर आदळली आणि तो गेला. मागे पत्नी, दोन लहान मुलं आणि आई. या चौघांनी डिसेंबर २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली ५० लाखांचा दावा केला. सामनेवाला क्रमांक १ टेम्पोचा मालक, क्रमांक २ विमा कंपनी. निकाल लागला डिसेंबर २०२४ मध्ये.

पहिल्या तीन-चार पानांत हकीकत असते. ‘अर्जदारांचे थोडक्यात म्हणणे असे की’ अशी सुरुवात होते आणि पुढे लिहिलेलं असतं की मयत दरमहा ३०,००० रुपये कमावत होता, टेम्पो भरधाव होता, चालकाने हात किंवा सिग्नल न देता वळण घेतलं. मग विमा कंपनीच्या लेखी कैफियतीचा सारांश येतो : मयत स्वतःच बेदरकार होता, हेल्मेट नव्हतं, चालकाकडे वैध परवाना नव्हता, उत्पन्न फुगवून सांगितलंय, मागणी अवास्तव आहे. टेम्पोमालक हजरच झाला नाही, म्हणून त्याच्याविरुद्ध प्रकरण एकतर्फी चाललं.

या पानांतलं एकही वाक्य अजून खरं किंवा खोटं ठरलेलं नाही. न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंचं म्हणणं फक्त उतरवून घेतलंय. ‘मयत स्वतःच बेदरकार होता’ हे वाक्य वाचून घरच्यांचा जीव कासावीस होतो, पण ते कंपनीचं वाक्य आहे, आणि अशी कैफियत कंपनी जवळजवळ प्रत्येक प्रकरणात देते. इंग्रजी निकालपत्रात ‘इट इज द केस ऑफ’, ‘इट इज कंटेंडेड’, ‘अकॉर्डिंग टू द ऑपोनंट’ असे शब्द दिसले की समजायचं, बोलणारा पक्षकार आहे. पंचाईत अशी की परिच्छेदाच्या सुरुवातीला हे शब्द एकदाच येतात आणि पुढची आठ-दहा वाक्यं त्यांच्याशिवाय, सरळ विधानासारखी चालत राहतात. म्हणून परिच्छेद मधूनच वाचायला घेऊ नये. त्याच्या पहिल्या ओळीपर्यंत मागे जावं.

हकीकत संपली की मुद्द्यांचा तक्ता येतो. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. आपल्या नमुन्यात चार मुद्दे आहेत. टेम्पोचालकाच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला हे अर्जदारांनी सिद्ध केलं का? यापुढे ‘होय, ८० टक्के’. विमा पॉलिसीच्या अटींचा भंग झाला हे कंपनीने सिद्ध केलं का? यापुढे ‘होय’. भरपाई मिळण्याचा हक्क आहे का, किती आणि कोणाकडून? यापुढे ‘होय, अंतिम आदेशाप्रमाणे’. आणि शेवटचा, आदेश काय? यापुढे ‘अंशतः मंजूर’.

अख्ख्या निकालपत्रात सर्वांत कामाचं पान हेच, कारण इथे न्यायाधीश पहिल्यांदा स्वतःच्या नावाने बोलतात, तेही एकेका शब्दात. पण नेमकं इथेच घाबरायला होतं. दुसऱ्या मुद्द्यापुढचं ‘होय’ वाचून वाटतं की कंपनी जिंकली आणि आपले पैसे बुडाले. तिकडे आपण नंतर येऊ.

यापुढची दहा-बारा पानं म्हणजे कारणमीमांसा. इथे वाचताना खरी कसरत असते, कारण एकाच परिच्छेदात तीन-चार आवाज मिसळतात. पहिल्या मुद्द्यावरचा एक परिच्छेद असा असू शकतो :

‘अर्जदारांचे म्हणणे आहे की टेम्पोचालकाने अचानक वळण घेतले. सामनेवाला क्रमांक २ च्या मते मयत भरधाव होता. अर्जदार क्रमांक १ हिने उलटतपासात मान्य केले आहे की तिने अपघात प्रत्यक्ष पाहिलेला नाही. घटनास्थळ पंचनामा, निशाणी २३, पाहता टेम्पो दुभाजकाच्या मोकळ्या जागेत आडवा उभा होता आणि स्कूटरची धडक त्याच्या मागील डाव्या बाजूस बसली असे दिसते. टेम्पोचालकाला साक्षीसाठी बोलावलेले नाही. सबब टेम्पोचालकाचा निष्काळजीपणा सिद्ध होतो. तथापि टेम्पोचा बराचसा भाग वळून गेल्यानंतर धडक बसलेली असल्याने मयतालाही वेग आवरण्यास अवधी होता. म्हणून जबाबदारीचे प्रमाण ८० व २० असे मी ठरवते.’

पहिली दोन वाक्यं पक्षकारांची, मागून पुन्हा आणलेली. तिसरं वाक्य पुरावा आहे, पण निष्कर्ष नाही. बायकोने अपघात पाहिला नाही ही कबुली वाचून घरचे तिलाच दोष देतात. खरं तर अशा दाव्यांत अर्जदार बहुधा घरचीच माणसं असतात आणि अपघात त्यांनी पाहिलेला नसतोच. चौथं वाक्य कागद काय दाखवतो ते सांगतं. निशाणी २३ म्हणजे प्रकरणात त्या क्रमांकाने दाखल झालेला कागद, तो नकलेसाठी मागता येतो. पाचव्या वाक्यात न्यायाधीश एका उणिवेवर बोट ठेवतात : चालक बोलला असता तर कंपनीची बाजू कळली असती, तो आणलाच नाही. ‘सबब’ या शब्दापासून पुढे न्यायाधीशांचा स्वतःचा निष्कर्ष. ‘तथापि’ने तो थोडा वळतो आणि ‘मी ठरवते’ने पक्का होतो. इंग्रजीत हीच कामं ‘देअरफोर’, ‘हाउएव्हर’ आणि ‘आय होल्ड’ करतात. पेन्सिल घेऊन ‘सबब’, ‘म्हणून’, ‘सिद्ध होते’, ‘मी ठरवते’ एवढ्याच शब्दांखाली रेघा मारल्या तरी दहा पानांतले खरे निष्कर्ष दीड पानात मावतात.

इथला ‘सिद्ध’ म्हणजे फौजदारी खटल्यातला, संशयाला जागा न ठेवणारा ‘सिद्ध’ नव्हे. अपघात दाव्यात कोणती बाजू अधिक संभवनीय वाटते एवढं तोलून ठरवतात. त्यामुळे टेम्पोचालकावरचा गुन्ह्याचा खटला वेगळ्या कोर्टात वेगळ्या वाटेने जाऊ शकतो. त्याचा निकाल काय लागतो यावर ही भरपाई अडून राहत नाही.

कारणमीमांसेतला दुसरा सापळा जुन्या निकालांचा. अपघात दाव्यात सर्वोच्च न्यायालयाचे काही निकाल हमखास येतात. सरला वर्मा प्रकरणातला २००९ चा निकाल वयानुसार गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला कितीने गुणायचं तो आकडा, आणि मयताच्या स्वतःच्या खर्चाची वजावट ठरवून देतो. प्रणय सेठी प्रकरणात २०१७ मध्ये घटनापीठाने भविष्यातल्या उत्पन्नवाढीची टक्केवारी आणि ठरावीक रकमा घालून दिल्या. हे निकाल सांगताना न्यायाधीश कधीकधी त्या खटल्यांतली हकीकतही देतात, तिथलं वय, तिथला पगार, तिथली रक्कम. ती दुसऱ्या कुटुंबाची गोष्ट असते. परिच्छेदात पक्षकारांची नावं तिरप्या अक्षरांत आणि सोबत वर्ष दिसलं की पुढचे आकडे आपले धरू नयेत. त्यातला फक्त नियम आपल्याला लागू होतो.

तो नियम आपल्या वायरमनला कसा लागला ते पाहू. ३०,००० चं उत्पन्न हे अर्जदारांचं म्हणणं होतं, आयकराचं विवरणपत्र मात्र नव्हतं. दोन ठेकेदारांच्या पावत्या आणि बँकेचं पासबुक बघून न्यायाधिकरणाने दरमहा १५,००० धरले. म्हणजे उत्पन्न ही एकच गोष्ट निकालपत्रात तीन वेळा आली : हकीकतीत ३०,००० म्हणून, कैफियतीत ‘नाकबूल’ म्हणून आणि कारणमीमांसेत १५,००० म्हणून. यातलं तिसरंच पुढे चालतं.

स्वतःचा धंदा करणाऱ्या आणि ४० च्या आतल्या माणसासाठी भविष्यातली वाढ ४० टक्के, म्हणून १५,००० चे २१,००० झाले. वर्षाचे २,५२,०००. अवलंबून असलेले चौघे, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा, उरले १,८९,०००. वय ३६ ते ४० मध्ये असल्याने गुणक १५, त्यामुळे २८,३५,०००. त्यात पत्नी, दोन मुलं आणि आई यांना सहवास हरपल्याबद्दल प्रत्येकी ४८,४००, अंत्यविधीचे १८,१५० आणि मालमत्तेच्या हानीचे १८,१५०. या ठरावीक रकमा २०१७ मध्ये अनुक्रमे ४०,००० आणि १५,००० होत्या, दर तीन वर्षांनी दहा टक्क्यांनी वाढतात, म्हणून अशा विचित्र दिसतात. सगळ्याची बेरीज ३०,६४,९००.

ही रक्कम तक्त्यात ठळक टाइपात, खाली ‘एकूण’ लिहून छापलेली असते. मेहुण्याने दाखवलेले तीस लाख ते हेच. पण न्यायाधीशांनी मयतावर २० टक्के जबाबदारी टाकली आहे, ती वजा व्हायची आहे. ती वजावट तक्त्यानंतरच्या परिच्छेदात, साध्या वाक्यात असते : ३०,६४,९०० चे ८० टक्के, म्हणजे २४,५१,९२०. तक्ता कारणमीमांसेचा भाग आहे, आदेशाचा नाही, हे लक्षात ठेवलं तर हा सहा लाखांचा फरक नंतर धक्का देत नाही.

या भागात आणखी एक गोष्ट जरूर तपासावी, ती म्हणजे वय. शवविच्छेदनाच्या कागदावर पोलिसांनी अंदाजे ४२ लिहिलेलं असतं आणि शाळेच्या दाखल्यावर ३८ निघतं, असं सर्रास होतं. न्यायाधिकरणाने ४२ धरलं असतं तर भविष्यातली वाढ २५ टक्क्यांवर आणि गुणक १४ वर आला असता. उत्पन्नाच्या हानीचे २८,३५,००० उतरून २३,६२,५०० झाले असते, वीस टक्के कापण्याआधीच पावणेपाच लाखांची घट. हकीकतीत वय चुकीचं छापलं असेल तर फारसं बिघडत नाही. कारणमीमांसेत कोणतं वय धरून गणित केलंय ते महत्त्वाचं.

आता विम्याचा मुद्दा. टेम्पोचालकाच्या परवान्याची मुदत अपघाताच्या चार महिने आधी संपलेली होती. मालकाने तो तपासला नाही. म्हणून अटींचा भंग सिद्ध झाला आणि कारणमीमांसेत स्पष्ट लिहिलं गेलं की सामनेवाला क्रमांक २ ने आपला बचाव शाबीत केला आहे. इथवर वाचून कोणीही म्हणेल की कंपनी सुटली, आता त्या टेम्पोमालकाच्या मागे कुठे फिरायचं? पण पुढच्या परिच्छेदात न्यायाधीश म्हणतात की रस्त्यावरचा तिसरा माणूस त्या कराराचा पक्षकार नव्हता, त्याच्या कुटुंबाला विम्याचं संरक्षण मिळायला हवं, म्हणून कंपनीने आधी पैसे भरावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. वकिलांच्या बोलीत याला ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतात. कंपनी वाद जिंकली आणि तरी पैसे तिनेच भरायचे. मुद्द्याचा निष्कर्ष आणि शेवटचा हुकूम वेगळ्या दिशांना जाऊ शकतात याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. भंग झाला की प्रत्येक वेळी हे होतंच असं नाही. काही प्रकरणांत कंपनीला पूर्ण मोकळं करतात. ते कळायला शेवटच्या पानावरच जावं लागतं.

शेवटच्या पानावर मध्यभागी ‘आदेश’ किंवा ‘ऑर्डर’ असं शीर्षक आणि खाली क्रमांक घातलेली कलमं. आपल्या नमुन्यातली अशी :

‘१. अर्ज प्रमाणशीर खर्चासह अंशतः मंजूर करण्यात येतो. २. सामनेवाला क्रमांक १ याने अर्जदारांना रुपये २४,५१,९२०, नो फॉल्ट लायबिलिटीच्या रकमेसह, अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून प्रत्यक्ष वसुलीपर्यंत द. सा. द. शे. ७.५ टक्के सरळ व्याजाने द्यावेत. ३. सदर रक्कम सामनेवाला क्रमांक २ ने प्रथम जमा करावी व सामनेवाला क्रमांक १ कडून वसूल करावी. ४. जमा रकमेतून अर्जदार १ ला ४० टक्के, अर्जदार २, ३ व ४ यांना प्रत्येकी २० टक्के. ५. अर्जदार २ व ३ यांचा हिस्सा ते सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावा. अर्जदार १ च्या हिश्श्यापैकी निम्मी रक्कम तीन वर्षे मुदत ठेवीत ठेवावी. ६. कमी पडलेले न्यायालय शुल्क भरल्यानंतर निवाडा तयार करावा.’

बंधनकारक आहे ते एवढंच. बाकीची वीस पानं इथवर कसं आलो ते सांगतात.

‘अंशतः मंजूर’ म्हणजे अर्धा मंजूर नव्हे. ५० लाख मागितले आणि एक रुपया जरी कमी दिला तरी हाच शब्द येतो. ‘नो फॉल्ट लायबिलिटीच्या रकमेसह’ हे शब्द मात्र खिशाला लागतात. जुन्या कलम १४० खाली मृत्यूबद्दल ५०,००० रुपये सुरुवातीलाच मिळत असत, चूक कोणाची ते न पाहता. हे कलम १ एप्रिल २०२२ पासून राहिलं नाही, पण २०१९ च्या अपघातांत ती रक्कम बऱ्याच जणांनी उचललेली असते. ‘रकमेसह’ म्हणजे ती यात धरलेली आहे, म्हणून आता २४,०१,९२० यायचे बाकी. ‘रकमेशिवाय’ असं असतं तर ते ५०,००० वेगळे राहिले असते.

व्याजाचं वाक्य ओझरतं वाचलं जातं आणि खरं वजन त्यातच असतं. दावा डिसेंबर २०१९ चा, निकाल डिसेंबर २०२४ चा, मध्ये पाच वर्षं. उरलेल्या २४,०१,९२० वर साडेसात टक्क्यांनी वर्षाला १,८०,१४४, पाच वर्षांचे नऊ लाखांवर. म्हणजे हातात येणारा एकूण आकडा ३३ लाखांच्या घरात जातो, आणि हा आकडा निकालपत्रात कुठेही छापलेला नसतो. तो आपणच काढायचा असतो.

अटींचा भंग नसता तर दुसऱ्या कलमात ‘सामनेवाला १ व २ यांनी संयुक्तपणे व स्वतंत्रपणे’ असे शब्द आले असते. ते वाचून लोक समजतात की अर्धे मालकाने आणि अर्धे कंपनीने द्यायचे. तसं नाही. दोघांपैकी कोणाही एकाकडून सगळी रक्कम मागता येते, आणि व्यवहारात ती कंपनीकडूनच येते.

सहावं कलम कारकुनी वाटतं, पण ते अंगाशी येतं. न्यायालय शुल्काची बाकी भरली नाही तर आदेशावरून वेगळा काढला जाणारा निवाड्याचा कागदच तयार होत नाही, पुढची वसुलीही मग रखडते. निकाल लागून महिने उलटले आणि काहीच हललं नाही, असं म्हणत येणाऱ्यांना मी आधी हेच विचारतो.

कधी कारणमीमांसा आणि आदेश एकमेकांशी जुळत नाहीत. आत ‘९ टक्के व्याज योग्य वाटते’ असं लिहिलेलं असतं आणि आदेशात ७.५ छापलेलं असतं, किंवा बेरीज चुकलेली असते. अशा वेळी ‘आत ९ लिहिलंय’ म्हणून वसुलीच्या अर्जात ९ टक्के मागता येत नाहीत. वसुली करणारं न्यायालय आदेशाच्या मागे जात नाही. आदेशाचे शब्दच संदिग्ध असतील तेव्हाच अर्थ लावण्यासाठी आतल्या कारणांकडे पाहतात. टंकनाची किंवा हिशेबाची उघड चूक असेल तर त्याच न्यायाधिकरणाकडे दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागतो, आणि तो दोन पानांचा साधा अर्ज असतो.

आपली तक्रार निकालपत्राच्या कोणत्या भागाशी आहे, त्यावर पुढचा रस्ता ठरतो. १५,००० उत्पन्न कमी धरलं किंवा २० टक्के जबाबदारी अन्यायाने टाकली असं वाटत असेल तर भांडण कारणमीमांसेशी आहे, आणि तो विषय उच्च न्यायालयातल्या अपिलाचा. कलम १७३ खाली त्याला निवाड्याच्या तारखेपासून ९० दिवस असतात. मुलीच्या शिक्षणासाठी मुदत ठेव आधी मोडायची असेल तर अपिलाचा काही संबंध नाही, त्याच न्यायाधिकरणाकडे कारण आणि कागद दाखवून अर्ज करायचा. आणि हकीकतीतल्या कंपनीच्या शब्दांचा राग आला असेल तर त्याला कुठलाच अर्ज नाही. ते शब्द न्यायाधीशांनी मान्य केलेत का, एवढं कारणमीमांसेत पाहून घ्यावं.

कंपनीलाही अपील करता येतं. त्यासाठी तिला २५,००० रुपये किंवा निवाड्याच्या रकमेचा निम्मा भाग, यांपैकी जे कमी असेल ते भरावं लागतं. पण अपील दाखल झालं म्हणजे वसुली आपोआप थांबली असं होत नाही. उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आहे का आणि दिली असेल तर किती रक्कम जमा करण्याच्या अटीवर, ते त्या स्थगितीच्या आदेशात बघायचं, तेही शेवटच्या कलमांपासून.

स्थगिती नसेल तर घड्याळ निकालाच्या दिवसापासूनच चालू झालेलं असतं. कलम १६८ प्रमाणे निवाड्याची प्रत पक्षकारांना १५ दिवसांच्या आत मिळायला हवी आणि भरणाऱ्याने ३० दिवसांत रक्कम जमा करायला हवी. तोवर रक्कम आली नाही तर कलम १७४ खाली न्यायाधिकरणाकडून वसुलीचा दाखला मागता येतो. तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. रक्कम जमा झाली तरी ती बहुधा न्यायाधिकरणाच्या खात्यात येते, आपल्या नाही. तसं असेल तर ती काढायला वेगळा अर्ज लागतो, सोबत बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, ओळखीचे कागद आणि आदेशाची नक्कल. नक्कल मागताना पूर्ण निकालपत्राची मागावी. कोणी पैसे वाचवण्यासाठी फक्त शेवटचं पान आणतं आणि मग मुदत ठेवीचं कलम कोणत्या अर्जदाराला लागू आहे ते कळायला पहिल्या पानावरची नावं आणि क्रमांक लागतात, तेव्हा पुन्हा नकलेच्या खिडकीपाशी उभं राहावं लागतं.